मामाचा ओठ आणि यंत्राचं नाक

गेल्या दिवाळीत मी मामाच्या एका सेल्फीवरून संगणकाकडून त्याचं अर्कचित्र काढून घेतलं. प्रोग्राम मीच लिहिलेला होता, सगळी आकडेमोड मला पाठ होती. चित्र तयार झालं तेव्हा पसरट नाकाचा, कानापर्यंत तोंड फाकलेला एक माणूस पडद्यावर हसत होता. मामीने चष्मा लावून दोन-तीनदा निरखून पाहिलं आणि विचारलं, “हे कोण गं?”

त्याच संध्याकाळी मी पेन्सिलने एका कागदावर मामा काढला. नाक, डोळे, चष्मा अगदी साधे ठेवले, फक्त नाक आणि ओठ यांच्यामधली जागा बरीच लांबवली. मामी तो कागद चार हातांवरून बघूनच हसायला लागली.

मी गेली बरीच वर्षं लग्नाच्या रिसेप्शनला बसून पाहुण्यांची अर्कचित्रं काढते. एका माणसाला साधारण पाच मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात हात काय करतो ते मला सांगता येत नव्हतं, म्हणूनच खरं तर तो प्रोग्राम लिहायला घेतला. यंत्राला शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला नीट कळायला हवं. आणि कळलं ते यंत्र चुकलं तेव्हाच. मामाच्या त्या एका चित्रात काय बिघडलं, हे उलगडून सांगितलं की अर्कचित्र मुळात कसं चालतं तेही समजतं.

आधी शब्दाकडे बघू. ‘कॅरिकेचर’ हा शब्द इटालियन ‘कारिकारे’वरून आला, त्याचा अर्थ भार चढवणं, लादणं. सोळाव्या शतकाच्या शेवटी बोलोन्यातल्या काराच्ची भावंडांच्या चित्रशाळेशी या प्रकाराची सुरुवात जोडली जाते. मराठीत आपण अर्कचित्र म्हणतो. अर्क काढणं म्हणजे पाणी उडवून सार तेवढं ठेवणं. एका भाषेने काय वाढवलं याकडे पाहिलं, दुसरीने काय काढून टाकलं याकडे. मला मराठी शब्द जास्त नेमका वाटतो, का ते पुढे येईलच.

आता मूळ प्रश्न. चेहरा वाकडातिकडा ताणला तर माणूस ओळखू येऊ नये. पण अर्कचित्रात तो उलट पटकन ओळखू येतो. असं का?

एक मोठं मैदान डोळ्यांसमोर आणा. या मैदानात आपण आयुष्यात पाहिलेला प्रत्येक चेहरा एका जागी उभा आहे. मधोमध सरासरी चेहरा: सरासरी नाक, सरासरी कपाळ, सरासरी हनुवटी. सगळ्याच बाबतीत सरासरीच्या जवळपास असणारे लोक खूप असतात, म्हणून मध्यावर दाटी आहे. कडेला जावं तशी गर्दी विरळ होते. मामा मध्यापासून थोडा बाहेर, समजा ईशान्येला उभा आहे. त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखे दिसणारे आणखी चार जण आहेत, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला क्षणभर प्रश्न पडतो की यातला मामा कोणता. आता मामाला त्याच ईशान्य दिशेने आणखी दहा पावलं बाहेर नेलं तर काय होईल? तिथे दुसरं कुणीच नाही. तो एकटा उभा आहे, आणि आहे मात्र मामाच्याच दिशेला. बघणाऱ्याला शंकेला जागा उरत नाही.

माणूस ओळखू येतो तो दिशेमुळे. अंतर फक्त ठळकपणा देतं. दिशा कायम ठेवून अंतर वाढवलं की अर्कचित्र, आणि दिशाच ढळली की परका माणूस. चेहऱ्यांच्या या मैदानाची कल्पना मानसशास्त्रात टिम व्हॅलेंटाइन यांनी १९९१मध्ये नीट मांडली. अर्थात खरं मैदान दोन दिशांचं नसतं, चेहऱ्याची जितकी मापं घ्याल तितक्या दिशा.

हे गणितात बसवण्याचं काम त्याआधीच झालं होतं. एमआयटीमध्ये सुसान ब्रेनन यांनी १९८२च्या आपल्या प्रबंधासाठी अर्कचित्र काढणारा प्रोग्राम तयार केला. पद्धत इतकी सरळ की वहीवर करता येईल. फोटोवर ठरलेल्या क्रमाने १६९ बिंदू लावायचे: भुवयांची टोकं, पापण्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांची वळणं, हनुवटी. तेच बिंदू त्याच क्रमाने बऱ्याच चेहऱ्यांवर लावून त्यांची सरासरी काढायची. मग आपला चेहरा आणि सरासरी चेहरा असे एकमेकांवर ठेवायचे की दोघांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एकाच जागी येतील. प्रत्येक बिंदू सरासरीपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकला आहे ते मोजायचं आणि तो फरक ठरावीक पटीने वाढवायचा. सगळा कारभार एका ओळीत मावतो:

```python
new = avg + k * (face - avg)
```

`k` एक असेल तर चेहरा जसाच्या तसा. दीड असेल तर प्रत्येक फरक पन्नास टक्क्यांनी वाढलेला. एकपेक्षा कमी केला तर चेहरा सरासरीकडे ओढला जातो, त्याला उलटं अर्कचित्र म्हणता येईल.

गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान कॅरी यांनी १९८७मध्ये या प्रोग्रामची चित्रं लोकांपुढे ठेवली, आणि ती होती त्यांच्या ओळखीच्या माणसांची. पन्नास टक्के वाढवलेली रेखाचित्रं लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने ओळखली. उलट्या अर्कचित्रांना सर्वांत जास्त वेळ लागला. पण ‘यातलं सर्वांत हुबेहूब कोणतं’ असं विचारलं तेव्हा पसंतीचा मध्य आला जेमतेम सोळा टक्के वाढीवर. म्हणजे पटकन ओळखू येणं आणि तंतोतंत वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे फिलिप बेन्सन आणि डेव्हिड पेरेट यांनी रेषांऐवजी फोटोच ताणून बघितले, तेव्हा तर हुबेहूब वाटणारी वाढ चार-पाच टक्क्यांवरच आली.

या फरकाचं कारण मला हाताने चित्रं काढताना रोज जाणवतं. फोटोत कातडीचा रंग असतो, सावल्या असतात, डोळ्यांतली चमक असते. रेषेत यातलं काहीच नाही. पन्नास रेषांत माणूस उभा करायचा तर जे गेलं त्याची भरपाई आकाराने करावी लागते. म्हणून रेषा जास्त ताण सोसते आणि फोटो लगेच विद्रूप दिसतो. फोटोवरच काम करणाऱ्या ॲप्सची चित्रं पटकन भेसूर का वाटतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता मामाकडे येते, आकड्यांसकट.

दोन बाहुल्यांमधलं अंतर आपण १०० एककं धरू. बाकी सगळं त्या तुलनेत. पन्नाशीपुढच्या पुरुषांची सरासरी मी घरातल्या आणि ओळखीच्या समारंभांच्या फोटोंवरून काढली होती. तीत नाकाची रुंदी ५७, तोंडाची रुंदी ७९, आणि नाकाच्या बुडापासून ओठांच्या फटीपर्यंतची उंची ३५ आली. या शेवटच्या जागेला आपल्याकडे धड नावही नाही. मिशी जिथे येते ती जागा म्हणू.

मामाची मापं मी नंतर समोर बसवून, तोंड मिटलेलं असताना घेतली. नाक ५८, तोंड ७८, मिशीची जागा ४२. नाक सरासरीपेक्षा एकाने जास्त, तोंड एकाने कमी, आणि मिशीची जागा सातने जास्त. मामाची दिशा यात स्वच्छ दिसते. नाक-तोंड जवळजवळ सरासरीवरच आहेत, मामा जो काही मामा आहे तो त्या लांब ओठात आहे. `k` दोन ठेवला तर नाक ५९, तोंड ७७ आणि मिशीची जागा ४९ यायला हवी होती. दिवाळीच्या संध्याकाळी पेन्सिलने मी जे केलं ते जवळपास हेच.

पण प्रोग्रामला मी दिली होती सेल्फी. सेल्फी हातभर अंतरावरून, किंबहुना कोपर वाकवून त्याहूनही जवळून काढतात. समजा लेन्स डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर होती. नाकपुड्या डोळ्यांच्या साधारण दोन सेंटिमीटर पुढे असतात, म्हणजे त्या लेन्सपासून २८वर. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि इथे ती किती मोठी दिसेल हे ३० भागिले २८ या भागाकारावरून कळतं: सुमारे सात टक्के. त्यामुळे ५८चं नाक ६२ झालं. त्यात मामा सेल्फीत हसत होता. हसलं की नाकपुड्या फाकतात, ६२चे ६४ झाले. तोंड रुंदावलं, ७८चे ९२ झाले. आणि हसताना वरचा ओठ वर ओढला जातो, त्यामुळे ४२ची मिशीची जागा ३७वर आली.

सरासरीपासूनचे फरक आता बघा. नाक अधिक सात, तोंड अधिक तेरा, मिशीची जागा अधिक दोन. मामाची खरी ओळख असलेला सातचा फरक ओठावरून नाकावर जाऊन बसला. प्रोग्रामने इमानाने सगळे फरक दुप्पट केले: नाक ७१, तोंड १०५, मिशीची जागा फक्त ३९. मामी जे ‘हे कोण’ म्हणाली ते बरोबरच होतं. मैदानात मामाला पार दुसऱ्याच दिशेने नेऊन उभं केलं होतं.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती नीट सांगते. नाकातली कॅमेऱ्याची चूक सात टक्क्यांची होती. साध्या फोटोत ती कुणाला खटकत नाही, मामीने ती सेल्फी स्वतः फ्रेम करून ठेवली आहे. पण अर्कचित्राचा प्रोग्राम चेहरा वाढवत नाही, सरासरीपासूनचा फरक वाढवतो. मामाच्या नाकाचा खरा फरक होता एक, लेन्समुळे तो झाला पाच. चेहऱ्याच्या मानाने सात टक्के असलेली चूक फरकाच्या मानाने चौपट निघाली. आणि जो अवयव जितका सरासरीच्या जवळ, तितकी त्याच्यातली चूक मोठी ठरते. म्हणजे माणसाच्या चेहऱ्यात जे अजिबात लक्षात येण्यासारखं नाही, तेच यंत्र ओरडून सांगण्याची शक्यता सर्वांत जास्त. मान किंचित तिरकी असेल, हनुवटी वर असेल, एक भुवई उचललेली असेल, तर यातलं प्रत्येक त्या क्षणाचं असतं, माणसाचं नसतं. प्रोग्रामला हा भेद कळत नाही. त्याच्या लेखी फोटोत दिसणारा प्रत्येक फरक हा स्वभावच.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. दोन मीटरवरून, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर ठेवून, समोरून, तोंड मिटून फोटो काढायचा. दोन मीटरवर तोच भागाकार २०० भागिले १९८ होतो, म्हणजे एक टक्का. शिवाय सरासरी ज्या फोटोंवरून काढली तेही साधारण त्याच अंतरावरचे हवेत. आणि एकाऐवजी पाच-सहा फोटो घेऊन आधी त्या माणसाचीच सरासरी काढली तर क्षणिक हावभाव एकमेकांना खाऊन टाकतात.

दुसरी गडबड मैदानाच्या मध्याची. दिशा मोजायची ती मध्यापासून, मग मध्यच भलतीकडे धरला तर?

मी सुरुवातीला इंटरनेटवर तयार मिळणारी सरासरी वापरली होती. ती बहुतांशी गोऱ्या, तरुण चेहऱ्यांची होती. त्या सरासरीत नाकाची रुंदी समजा ५२ धरू. मग मामाचं ५८चं नाक अधिक सहा ठरतं आणि दुप्पट केल्यावर ६४ होतं. गंमत म्हणजे शेजारच्या काकांचंही असंच झालं, माझ्या भावाचंही आणि माझंही. सगळ्यांची नाकं पसरली, सगळ्यांचे ओठ जाड झाले. प्रोग्राम आम्हाला एकमेकांपासून वेगळं करायच्या ऐवजी आम्हा सगळ्यांचं जे सामायिक आहे तेच वाढवत होता. चित्र व्यक्तीचं राहिलंच नाही, जमातीचं झालं. वसाहतींच्या काळातल्या युरोपीय छापील चित्रांत काळ्या, आशियाई माणसांचे जे चेहरे दिसतात, ते हाच मध्य मनात धरून काढलेले आहेत. त्यात कुणा एकाला ओळखता येत नाही, आणि तो त्यांचा हेतूही नव्हता. म्हणून सरासरी कुणाची हा मला नुसता तांत्रिक प्रश्न वाटत नाही. मोजणाऱ्याने कुणाला साधारण मानलं, हे त्यातून उघडं पडतं.

वयाचंही तसंच. वय वाढेल तसा वरचा ओठ लांबतो, कान आणि नाकाचा शेंडा खाली उतरतो. पंचविशीतल्या मुलांच्या सरासरीवर मामाला मोजलं असतं तर त्याचा ओठ आणखीच लांब निघाला असता, पण मग त्याच्या वयाच्या प्रत्येकाचाच निघाला असता. पन्नाशीपुढच्यांची सरासरी घेऊनही सातचा फरक उरला, तेव्हा कुठे तो मामाचा असं म्हणता आलं. लग्नात माझा हात हे आपोआप करत असावा. आजोबा समोर बसले की मी सुरकुत्यांना हात लावत नाही, सुरकुत्या सगळ्याच आजोबांना असतात.

इथे आणखी एक बारीक मेख आहे. सातचा फरक मिशीच्या जागेत मोठा, पण कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या लांबीत किरकोळ. चेहऱ्याची लांबी माणसागणिक बरीच बदलते, त्यामुळे तिथे सात एककांचा फरक दर तीन-चार माणसांमागे एकाला सापडेल. मिशीची जागा फारशी बदलत नाही, तिथे सात म्हणजे दुर्मीळ. ब्रेनन यांच्या मूळ सूत्राला दोन्ही सात सारखेच. नंतरच्या लोकांनी म्हणून प्रत्येक फरकाला त्या जागच्या नेहमीच्या चढउताराने भागून मग वाढवायला सुरुवात केली. मी हा बदल केला तेव्हा चित्रं एकदम सुधारली.

आता त्या गोष्टीकडे येते जी सूत्रात दुरुस्त करता येत नाही. पॅरिसमधली १८३१ची घटना आहे. शार्ल फिलिपाँ हा ‘ला कारिकातूर’ या साप्ताहिकाचा संपादक. राजा लुई फिलिप याचा अपमान केला म्हणून त्याच्यावर खटला चालला. त्याने न्यायालयातच कागदावर चार चित्रं काढून दाखवली. पहिल्यात राजा जवळजवळ जसाच्या तसा: भरदार गालफडं, वर कुरळ्या केसांचा झुबका. दुसऱ्यात गाल थोडे उतरले, डोकं थोडं निमुळतं झालं. तिसऱ्यात नाक-डोळे चार रेघांवर आले. चौथं चित्र म्हणजे साधं पेअर, आपण नासपती म्हणतो ते फळ. त्याचा युक्तिवाद असा की पहिलं चित्र गुन्हा असेल तर दुसरं त्याच्यासारखं दिसतं म्हणून तोही गुन्हा, आणि असं करत करत फळ काढणंही गुन्हा ठरेल. त्याला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झालाच, पण नंतर ते फळ राजाचं चिन्हच होऊन बसलं.

ही चार चित्रं मी कितीदा तरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाताना गालांचा फुगवटा तर वाढतोच, पण बाकी सगळं कमी कमी होत जातं. शेवटी उरतं ते एकच नातं: वर अरुंद, खाली रुंद. नाकाची लांबी, डोळ्यांमधलं अंतर, कानांचा आकार, सगळं फेकून दिलेलं आहे. १६९ बिंदू दुप्पट ताणणारा प्रोग्राम फळापर्यंत कधीच पोचणार नाही, कारण त्याला फेकता येत नाही. तो सगळ्या बिंदूंना सारख्याच जोराने ढकलतो. `k` चार-पाचवर नेलात तर भुवया केसांत घुसतात, ओठ हनुवटीखाली जातो, रेषा एकमेकींना छेदतात आणि चेहरा फुटतो. चित्रकार एका ठिकाणी `k` पाच ठेवतो, दोन ठिकाणी दोन, आणि उरलेल्या सगळीकडे शून्य, म्हणजे तिथे तो चक्क सरासरी चेहरा काढतो. मामाचे नाक-डोळे मी साधे ठेवले ते याचसाठी. अर्क हा शब्द मला नेमका वाटतो तोही यासाठीच.

आणि ओळख नेहमी चेहऱ्याच्या बिंदूंत असतेच असं नाही. स्वच्छ भारत अभियानाचं २०१४चं बोधचिन्ह आठवा, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेलं. त्यात गांधीजींचा चेहराच नाही. गोल काचांचा चष्मा आणि मधली दांडी, बस. नोटेवर असल्यामुळे ते कुठल्याही खेड्यातल्या पोराला ओळखता येतं. चेहऱ्यावर हजार बिंदू लावणाऱ्या प्रोग्रामला हे सापडणं शक्य नाही, कारण चष्म्यावर बिंदूच नाहीत. केसांची कड, मिशीची ठेवण, मान खांद्यात रोवून बसण्याची सवय, मोजपट्टीच्या बाहेर राहिलेलं हे सगळं ओळख पटवणारं असू शकतं.

गेल्या काही वर्षांत बिंदू मोजण्याऐवजी हजारो अर्कचित्रं दाखवून ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात त्या संगणकी जाळ्यांना शिकवायची पद्धत आली. २०१८चं ‘कॅरीगॅन्स’ हे त्यातलं गाजलेलं काम. त्यात आकार ताणणं एका जाळ्याकडे आणि रंगरेषेची शैली दुसऱ्याकडे अशी विभागणी केली होती. या संशोधनात नेहमी वापरला जाणारा एक संच ‘वेबकॅरिकेचर’ नावाचा आहे, त्यात २५२ व्यक्तींची सहा हजारांवर अर्कचित्रं आणि जवळपास तितकेच फोटो आहेत. हे सगळे प्रसिद्ध लोक. कारण उघड आहे, अर्कचित्रं काढली जातात ती त्यांचीच.

इथे चूक वेगळ्या वाटेने येते. जाळं शेकडो चित्रकारांची चित्रं बघतं आणि त्यांच्यात जे वारंवार दिसतं ते उचलतं: मोठं डोकं, बारीक मान, लांब हनुवटी, फुगलेलं नाक, ठळक दात. ही अर्कचित्रांची शैली झाली, म्हणजे अर्कचित्रांचीच सरासरी. मग बारीक नाकाच्या मुलीचा फोटो दिला तरी नाक मोठं होतं, कारण ‘अर्कचित्रात नाक मोठं असतं’ एवढंच ते शिकलेलं असतं. मैदानाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दिशेने बाहेर नेण्याऐवजी सगळ्यांना एकाच दिशेला हाकललं जातं. आज मोबाइलवर फोटो टाकून क्षणात मिळणारी चकचकीत अर्कचित्रं बरीचशी अशीच असतात. एखाद्या नटाचं किंवा पुढाऱ्याचं चित्र त्यात छान येतं, पण त्याची अर्कचित्रं चित्रकारांनी आधीच भरपूर काढून ठेवलेली असतात. तुमच्या-माझ्या मामाची कुणी काढलेली नसतात.

ही चूक पकडायला मी एक साधी परीक्षा करते. घरातल्या सहा जणांचे फोटो, सारख्या अंतरावरून काढलेले, एकाच ॲपमध्ये टाकायचे. आलेली सहा चित्रं छापायची आणि केस, कपडे, चष्मा, दागिने कागदाने झाकायचे, कारण ॲप ते जसेच्या तसे उतरवतं आणि आपण नकळत त्यावरूनच ओळखतो. मग घरातल्याच एखाद्याला, ज्याने मूळ फोटो पाहिलेले नाहीत, कोणतं चित्र कुणाचं ते सांगायला लावायचं. आणखी एक बघायचं: सहा फोटोंतले चेहरे एकमेकांपासून जितके वेगळे दिसतात, त्यापेक्षा सहा चित्रं जास्त वेगळी दिसतात की कमी? खऱ्या अर्कचित्रांत माणसं एकमेकांपासून दूर जायला हवीत. ती भावंडांसारखी दिसू लागली तर ॲपने अर्कचित्र काढलेलं नाही, मुखवटा चढवला आहे. आमच्या घरच्या परीक्षेत माझी आई आणि माझा भाऊ यांची चित्रं अदलाबदल झाली. दोघांच्या चेहऱ्यात प्रत्यक्षात कुठेच साम्य नाही, भाऊ थेट बाबांवर गेलाय.

दिवाळीनंतर मी प्रोग्राम पुन्हा मांडला. मामाचे सहा फोटो दोन मीटरवरून, सरासरी त्याच्या वयाच्या इथल्याच माणसांची, प्रत्येक फरक त्या जागच्या चढउताराने भागलेला. सर्वांत दुर्मीळ निघालेले दोनच फरक वाढवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मिशीची जागा पहिली आली. दुसरी आली डाव्या भुवईची उतरण, जी इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांना कधी दिसली नव्हती. चित्र छापून मी मामीकडे नेलं. या वेळी तिने ओळखलं, पण लगेच नाही. मग माझा पेन्सिलचा जुना कागद ट्रंकेतून काढून तिने दोन्ही शेजारी धरले.

“यात ओठ बरोबर आलाय,” छापील चित्राकडे बोट दाखवून ती म्हणाली. “पण हा नुसता बसलाय. तुझ्या कागदावरचा पेपर वाचतोय.”

मी नीट पाहिलं. मामा पेपर वाचताना वरचा ओठ दातांवरून खाली ओढून घेतो, लहानपणापासून पाहत आले आहे. पेन्सिलने काढताना मी तो ओठ नुसता लांब केला नव्हता, खालची कड आत वळवली होती. ते सहाही फोटो मी त्याला तोंड मिटून, स्वस्थ बसवून काढले होते, त्यामुळे ती वळलेली कड त्यातल्या एकातही नव्हती.